तीच नंबरची आयसी, तरी मोजणी चुकते: टीटीएल आणि सीमॉस जोडताना

नागपूरजवळच्या हिंगणा एमआयडीसीत संत्रा बर्फीचे डबे पॅक करणारं एक छोटं युनिट आहे. पट्ट्यावरून डबा पुढे गेला की सेन्सरसमोरचा उजेड अडतो आणि दोन आकडी डिस्प्लेवर आकडा एकाने वाढतो. साधं, जुनं सर्किट. सेन्सरचा सिग्नल 74LS14 या इन्व्हर्टर आयसीमधून जातो, तिथून 74LS390 या काउंटरच्या क्लॉक पायावर आणि काउंटरकडून 74LS47 या डिस्प्ले ड्रायव्हरमार्गे डिस्प्लेवर. मागच्या उन्हाळ्यात काउंटर आयसी जळाली. बर्डीच्या बाजारात टीटीएलची LS मिळाली नाही, सीमॉसची 74HC390 मिळाली. पायांची मांडणी तीच, काम तेच, पाच व्होल्टवर चालते. मी ती बसवली, टेबलावर पन्नास वेळा हात फिरवून पाहिलं, पन्नास मोजले. बोर्ड परत दिला.

चार दिवसांनी मालकांचा फोन आला. "सकाळी बरोबर मोजते भाऊ, दुपारी कूलर चालू-बंद केला की दोन-दोन वाढते."

एकाच आकड्याच्या दोन आयसींमध्ये मधली दोन अक्षरं बदलली की काय बदलतं, ते या एका बोर्डवरून नीट समजतं. नॉइज मार्जिन, फॅन-आउट आणि प्रोपगेशन डिले ही पुस्तकातली तीन वेगवेगळी प्रकरणं आहेत, पण या बोर्डवर तिन्ही एकाच तारेवर भेटली: 74LS14 च्या आउटपुटपासून काउंटरच्या पहिल्या पायापर्यंतची जेमतेम तीन इंचांची तार.

आधी पातळ्यांची गोष्ट. डिजिटल सर्किटमध्ये एक आणि शून्य असतात असं आपण म्हणतो, पण तारेवर असतात फक्त व्होल्ट. कुठल्या व्होल्टला एक म्हणायचं हे प्रत्येक फॅमिली स्वतः ठरवते, आणि देणाऱ्याचा नियम वेगळा, घेणाऱ्याचा वेगळा. LS फॅमिलीचं आउटपुट वचन देतं की मी एक देईन तेव्हा किमान 2.7 व्होल्ट असतील. तिचा इनपुट म्हणतो की मला 2.0 व्होल्ट मिळाले तरी मी ते एक समजेन. या दोन आकड्यांच्या मध्ये 0.7 व्होल्टची मोकळी जागा राहते. तारेवर कुठून तरी खालच्या दिशेने 0.7 व्होल्टपर्यंतचा झटका आला तरी एकचा शून्य होणार नाही. ही मोकळी जागा म्हणजे नॉइज मार्जिन. शून्याच्या बाजूलाही तसंच: आउटपुट जास्तीत जास्त 0.5 व्होल्ट, इनपुट 0.8 व्होल्टपर्यंत शून्य मानतो, म्हणजे इथे जागा फक्त 0.3 व्होल्टची.

```
NMH = VOHmin - VIHmin     LS: 2.7 - 2.0 = 0.7 V
NML = VILmax - VOLmax     LS: 0.8 - 0.5 = 0.3 V
```

आता HC चे आकडे. तिचा डेटाशीट हे आकडे 4.5 व्होल्ट सप्लायवर देतो. हलक्या लोडवर आउटपुट एकसाठी किमान 4.4 आणि शून्यासाठी जास्तीत जास्त 0.1 व्होल्ट देतं. इनपुटला एकसाठी 3.15 लागतात आणि शून्य 1.35 पर्यंत चालतो. वजाबाकी करा, दोन्ही बाजूंना 1.25 व्होल्ट येतात. HC चं आउटपुट HC च्याच इनपुटला जोडलं तर नॉइज मार्जिन LS पेक्षा कितीतरी मोठं मिळतं. म्हणूनच "सीमॉसचं नॉइज मार्जिन चांगलं" हे वाक्य परीक्षेत बरोबर धरलं जातं.

पण मी HC ला HC जोडली नव्हती. मी LS च्या तोंडाला HC चा कान लावला होता. पाच व्होल्टवर HC चा इनपुट एकसाठी सुमारे 3.5 व्होल्ट मागतो, कारण तिची गरज सप्लायच्या सत्तर टक्के असते. LS देते किमान 2.7.

```
NMH = 2.7 - 3.5 = -0.8 V
```

मार्जिन उणे. म्हणजे कागदावर ही जोडणी चालायलाच नको.

मग टेबलावर ती पन्नास वेळा कशी चालली? इथे डेटाशीट वाचण्यातली एक महत्त्वाची गोष्ट आहे, आणि ती वर्गात क्वचितच सांगितली जाते. 2.7 हा कंपनीने दिलेला शब्द आहे: सप्लाय कमी, तापमान वाईट, आयसी लॉटमधली सगळ्यात कमकुवत, तरीही इतके मिळतीलच. प्रत्यक्षात हलक्या लोडवर LS साधारण 3.4 व्होल्ट देते. तिच्या आउटपुटमध्ये वरच्या बाजूला ट्रान्झिस्टरची जोडी असते, आणि पाच व्होल्टमधून त्यांच्या बेस-एमिटरचे दोन ड्रॉप वजा होतात, म्हणून ती पाचपर्यंत कधीच पोचत नाही. सीमॉसमध्ये वरचा मॉसफेट सप्लायला थेट रेझिस्टरसारखा जोडतो, म्हणून लोड नसेल तर आउटपुट पुऱ्या पाचला जाऊन टेकतं. इकडे HC चा इनपुट 3.5 मागतो हाही शब्दच आहे. आतला खरा उंबरठा साधारण सप्लायच्या अर्ध्यावर, म्हणजे 2.5 व्होल्टच्या आसपास असतो. 3.4 आणि 2.5 मध्ये 0.9 व्होल्टची जागा दिसते, आणि बोर्ड टेबलावर छान चालतो. ही जागा कुणीही कबूल केलेली नाही. ती त्या दिवशी, त्या दोन आयसींमध्ये, त्या लोडवर मिळाली इतकंच.

माझ्या बोर्डवर तर तीही पूर्ण मिळत नव्हती. युनिटवर जाऊन मी पहिल्या पायावर ऑसिलोस्कोपचा प्रोब लावला, ग्राउंडची क्लिप त्याच आयसीच्या आठव्या पायाला. पट्टा थांबलेला, तार एकवर. पडद्यावर 3.4 दिसायला हवे होते, दिसले 2.8. उरलेले 0.6 व्होल्ट एका लाल एलईडीने खाल्ले होते.

सेन्सर मोकळा आहे हे दाखवायला कधीतरी कुणीतरी 74LS14 च्या त्याच आउटपुटवरून 330 ओहममधून एलईडी ग्राउंडला जोडला होता. हिशोब करा. 3.4 मधून लाल एलईडीचे 1.8 वजा केले की 1.6 उरतात, भागिले 330, म्हणजे पावणेपाच मिलीअँपिअरच्या आसपास. आउटपुट 2.8 पर्यंत खाली आल्यावरही तो तीन मिलीअँपिअरच्या आसपास राहतो. LS चं आउटपुट एकच्या अवस्थेत किती करंट बाहेर देण्याचं वचन देतं? 0.4 मिलीअँपिअर. एलईडी तिच्याकडून त्याच्या सात-आठपट घेत होता.

फॅन-आउट म्हणजे हेच. एक आउटपुट किती इनपुटांचा भार वाहू शकतं, तेही आपल्या वचनातल्या व्होल्टवर टिकून. LS साठी गणित नेमकं आहे. एकच्या अवस्थेत प्रत्येक इनपुट 20 मायक्रोअँपिअर घेतो, आउटपुट 400 देऊ शकतं, म्हणून वीस इनपुट. शून्याच्या अवस्थेत करंट उलटा वाहतो: प्रत्येक इनपुट 0.4 मिलीअँपिअर आउटपुटमध्ये ढकलतो आणि आउटपुट 8 मिलीअँपिअर जमिनीत ओढू शकतं, पुन्हा वीस. दोन्ही हिशोब करायचे आणि लहान आकडा घ्यायचा. वीस म्हणजे वीस पाय असंही नाही. काही काउंटरांचा क्लॉक पाय एकटाच तीन-चार साध्या इनपुटांइतका करंट मागतो, म्हणून पाय मोजण्याऐवजी करंट मोजावा.

वचनांमधला फरक बघा. टीटीएलचं आउटपुट जमिनीकडे ओढण्यात बळकट असतं, वर ढकलण्यात दुबळं: 8 विरुद्ध 0.4. जुन्या, साध्या 7400 मध्ये तर 16 विरुद्ध 0.4. म्हणून टीटीएलच्या आउटपुटवर एलईडी लावायचा तर तो पाच व्होल्टकडून आउटपुटकडे लावतात, आउटपुटकडून ग्राउंडकडे नाही. त्या बोर्डवर उलट झालं होतं आणि तरीही ते अनेक वर्षं चाललं, कारण पुढे LS काउंटर होता. LS च्या इनपुटचा खरा उंबरठा 1.3 व्होल्टच्या आसपास असतो. आउटपुट 2.8 पर्यंत घसरलं तरी त्याला दीड व्होल्टची जागा होती. HC बसवल्यावर उंबरठा 2.5 झाला आणि जागा उरली 0.3 व्होल्ट. सीमॉसचा इनपुट जवळजवळ करंट घेतच नाही, म्हणून फॅन-आउटची चिंता नाही असं समजून मी त्या तारेकडे पाहिलंच नव्हतं. भार इनपुटचा नव्हता, एलईडीचा होता.

मग मालकांना कूलर बंद करायला सांगितलं. स्कोप एका झटक्यावर थांबेल असा ट्रिगर लावून ठेवला होता. तारेवर 2.8 वरून 2.2 च्या आसपास जाणारी एक अणकुचीदार टोचणी उमटली, वीस-तीस नॅनोसेकंद रुंद. नागपुरातल्या कूलरमध्ये फॅनची मोटर आणि पाण्याचा पंप, दोन्ही एकाच स्विचवरून तुटतात. कॉइलमधला करंट अचानक तोडला की स्विचच्या फटीत ठिणगी पडते आणि तिचा धक्का वायरिंगमधून आणि हवेतून शेजारच्या बोर्डपर्यंत येतो. 0.6 व्होल्टचा धक्का LS काउंटरने कधी जाणवूही दिला नसता. HC साठी मात्र 2.2 म्हणजे उंबरठ्याखाली. 390 काउंटर क्लॉक वरून खाली येताना मोजतो, त्यामुळे एकवर शांत बसलेल्या तारेला खालच्या दिशेची एक टोचणी म्हणजे एक डबा. चालू करताना एक, बंद करताना एक: मालकांचे दोन-दोन.

इथे तिसरी गोष्ट येते. डबे सेकंदाला एखाद-दोन जातात, मग नॅनोसेकंदांशी आपला संबंध काय, असं वाटू शकतं. प्रोपगेशन डिले म्हणजे इनपुट बदलल्यावर आउटपुट बदलायला लागणारा वेळ, आणि तो आयसी किती तल्लख आहे याचंही माप आहे. जी आयसी दहा नॅनोसेकंदांत उत्तर देते ती वीस-तीस नॅनोसेकंदांची टोचणी ऐकू शकते. जी सव्वाशे नॅनोसेकंद घेते तिला ती बहुधा ऐकूच येत नाही. LS00 गेटचा डिले साधारण 9–10 नॅनोसेकंद, कमाल 15. HC00 चा साडेचार व्होल्टवर साधारण 9, कमाल 18. जुन्या 4000 मालिकेतल्या CD4011B चा पाच व्होल्टवर साधारण 125 आणि कमाल 250. म्हणजे "सीमॉस हळू" हे 4000 मालिकेबद्दल खरं आहे, HC बद्दल नाही. फॅक्टरीतल्या संथ मोजणीला 4000 मालिका अजूनही आवडीने वापरली जाते, आणि माझ्या मते त्यात तिचा मंदपणा हा गुण आहे. गरजेपेक्षा जास्त वेगवान फॅमिली निवडली तर टोचण्या ऐकण्याची शक्तीही सोबत विकत घ्यावी लागते.

हे आकडे शेजारी ठेवताना एक सावधगिरी हवी. LS चा डिले 15 पिकोफॅरडच्या लोडवर मोजतात, HC चा 50 वर. सीमॉसमध्ये हा फरक कळीचा आहे, कारण तिथे फॅन-आउटची खरी मर्यादा करंट नसून डिले आहे. HC चा इनपुट कमाल एक मायक्रोअँपिअर घेतो, आउटपुट 4 मिलीअँपिअर देतं, भागाकार केला तर चार हजार इनपुट येतात. तो आकडा कागदापुरताच. प्रत्येक इनपुट हा एक चिमुकला कॅपॅसिटर असतो, काही पिकोफॅरडचा, आणि आउटपुटला तो दर वेळी भरावा आणि रिकामा करावा लागतो. 4000 मालिकेच्या गेटचं आउटपुट पाच व्होल्टवर आठशे ओहमच्या रेझिस्टरसारखं वागतं असं धरू. त्याला प्रत्येकी 7.5 पिकोफॅरडचे वीस इनपुट लावले तर 150 पिकोफॅरड होतात, आणि अर्ध्या व्होल्टेजपर्यंत पोचायला लागणारा वेळ:

```
0.69 x 800 x 150e-12 = 83e-9 s
```

म्हणजे फक्त हे वीस कॅपॅसिटर भरायलाच ऐंशी नॅनोसेकंद. आउटपुट शेवटी पाच व्होल्टला पोचतंच, एक हा एकच राहतो, पण उशिरा येतो. टीटीएलवर जास्त भार टाकला की व्होल्टेज ढासळतं, सीमॉसवर इनपुट वाढवले की वेळ लांबतो. दोघींची तुलना करताना मला हा फरक सगळ्यात उपयोगाचा वाटतो, कारण दोष कुठल्या उपकरणाने शोधायचा हे त्यावरून ठरतं. पहिला मल्टिमीटरवर दिसतो, दुसरा फक्त स्कोपवर.

आपल्याकडच्या उन्हाचाही यात वाटा आहे. मे महिन्यात नागपुरात बाहेर 45 अंश असतात, तेव्हा पत्र्याच्या शेडमधल्या बंद डब्यात बोर्ड त्याहून बराच तापतो. 74LS ला कंपनी 70 अंशांपर्यंतच हमी देते. HC ची हमी किमान 85 पर्यंत असते, पण गरम झाल्यावर ती मंदावते: HC00 चा कमाल डिले 25 अंशांवर 18 नॅनोसेकंद, 85 वर 23. या काउंटरला त्याने फरक पडत नाही. क्लॉक वेगवान असेल आणि डिलेला डिले जोडत गेलेला असेल, तिथे मात्र जानेवारीत चाललेला बोर्ड मेमध्ये अडखळू शकतो.

दुरुस्ती तीन पावलांत झाली. पहिलं पाऊल एलईडीचं. 74LS14 मध्ये सहा इन्व्हर्टर असतात, त्यातले काही रिकामे होते. क्लॉकची तार एका रिकाम्या इन्व्हर्टरच्या इनपुटला दिली आणि एलईडी पाच व्होल्टकडून 470 ओहममधून त्याच्या आउटपुटला जोडला. तार एकवर असताना इन्व्हर्टर शून्य देतो, करंट ओढतो, एलईडी पेटतो, म्हणजे दिसायला तेच. 330 ठेवला असता तर पावणेनऊ मिलीअँपिअर झाले असते, 8 च्या वर. 470 ने सहाच्या आसपास राहतात. क्लॉकच्या तारेवर एलईडीच्या जागी आता 20 मायक्रोअँपिअरचा एक इनपुट आला. स्कोपवर पातळी 2.8 वरून 3.4 ला गेली.

हे आधीच करायला हवं होतं, कारण दुसरं पाऊल त्याशिवाय वाया जातं. LS च्या आउटपुटवर पाच व्होल्टकडे एक पुल-अप रेझिस्टर लावला की LS 3.4 पर्यंत नेते आणि पुढे रेझिस्टर तारेला पाचपर्यंत ओढतो. एलईडी तारेवर असताना पुल-अप लावला असता तर त्याचा मिलीअँपिअरभर करंट एलईडीनेच गिळला असता आणि पातळी हललीही नसती. मी 2.2 किलोओहम घेतला. शून्याच्या वेळी त्यातून 2.3 मिलीअँपिअर येतात, 8 च्या आत. मोठा रेझिस्टर घ्यायचा मोह होतो, कारण करंट वाचतो, पण 3.4 च्या पुढे तारेची कॅपॅसिटन्स भरायला तो एकटाच असतो. लांब केबलवर 200 पिकोफॅरड असतील आणि रेझिस्टर 10 किलोओहमचा, तर गुणाकार दोन मायक्रोसेकंद येतो, आणि HC च्या क्लॉकला साडेचार व्होल्टवर 500 नॅनोसेकंदांहून मंद चढ-उतार नको असतो. मंद चढणारा क्लॉक उंबरठ्यावर रेंगाळतो आणि तिथे जरासा नॉइजही दोनदा मोजला जातो. तीन इंचांच्या तारेवर 2.2 किलोओहमला ही अडचण नाही. आता एकची पातळी जवळजवळ पाच, गरज 3.5, मार्जिन दीड व्होल्टच्या घरात.

तिसरं पाऊल बोर्डबाहेरचं: कूलरच्या स्विचवर 0.1 मायक्रोफॅरड आणि 100 ओहमचा स्नबर, म्हणजे ठिणगीचा धक्का शोषणारी जोडी, मेनवर टिकेल अशा प्रतीची.

सगळ्यात सोपा उपाय वेगळाच होता, तो माल मिळाला असता तर. 74HCT390. HCT म्हणजे आतून सीमॉसच, पण इनपुटचा उंबरठा मुद्दाम टीटीएलच्या जागी आणलेला: एकसाठी 2.0, शून्यासाठी 0.8. LS चे 2.7 तिला पुरतात, 0.7 व्होल्टचं मार्जिन कागदावरही मिळतं, पुल-अप लागत नाही. जुन्या LS बोर्डात बदली टाकायची असेल तर दुकानात HCT मागावी. आयसीवरचं ते एक टी बघून घ्यावं.

काउंटरच्या पुढच्या बाजूला, HC कडून 74LS47 कडे, काहीच करावं लागलं नाही. HC पूर्ण लोडवरही 3.84 व्होल्ट देते, LS ला 2.0 हवेत. शून्याला LS47 चा डेटा पाय 0.4 मिलीअँपिअर ढकलतो, HC 4 ओढू शकते, म्हणजे दहा LS इनपुट सहज. सीमॉसकडून टीटीएलकडे जाताना HC ला अडचण येत नाही. 4000 मालिकेला येते: CD4011B पाच व्होल्टवर जेमतेम अर्धा मिलीअँपिअर ओढते, म्हणजे LS चा एकच इनपुट.

असा संशय आला तर तपासायला पाच मिनिटं लागतात. तार एकवर स्थिर ठेवा, मल्टिमीटरचा काळा प्रोब घेणाऱ्या आयसीच्या ग्राउंड पायावर, लाल इनपुटवर. पुढे HC असेल आणि 3.5 पेक्षा कमी दिसले तर बोर्ड चालत असला तरी ती जोडणी हमीबाहेर आहे. 3 च्या खाली असेल तर देणाऱ्या आउटपुटवर लटकलेली प्रत्येक गोष्ट शोधा, एलईडी आणि ट्रान्झिस्टरचे बेस आधी. आणि मीटर बरोबर दाखवत असूनही मोजणी चुकत असेल, तर स्कोप घेऊन कूलरच्या स्विचजवळ कुणाला तरी उभं करा. आम्ही दुरुस्तीनंतर तेच केलं. मालकांनी चाळीस वेळा कूलर चालू-बंद केला आणि डिस्प्लेवर 00 तसेच राहिले.